भट्टीची कोठी मोजताना: खरोखर विटा किती मावतात?

पत्र: डिचोली तालुक्यात आमची एक खोलीची विटांची भट्टी आहे. दोन्ही लांब बाजूंना चुली, खाली भोकांची फरशी, तिथूनच धूर धुराड्याकडे जातो. आतून लांबी ३.७० मीटर, रुंदी २.८० मीटर. कमान सुरू होते तिथपर्यंत भिंत १.८० मीटर, मध्यावर कमान अजून ६० सेंमी वर जाते. चुलीपुढे आडभिंत आहे. बाहेरच्या भिंतीपासून आडभिंतीच्या आतल्या कडेपर्यंत ३५ सेंमी. सुकलेली कच्ची वीट २३० × १०५ × ७५ मिमी. बांधणारा म्हणाला होता, बारा हजार सहज मावतील. आम्ही ठासून भरल्या तरी ६,४०० च बसल्या. त्यातल्या तळाच्या दीड-दोन हजार कमी भाजून पिवळट निघाल्या, वरच्या काही जास्त भाजून खंगर. ठेकेदाराला दर खेपेचा आकडा द्यायचा आहे. नेमका किती धरू?

उत्तर: ५,२०० धरा.

बांधणाऱ्याने तुम्हाला फसवले नाही, त्याने भागाकार केला. कोठीचा सरळ भाग ३.७० × २.८० × १.८० म्हणजे १८.६५ घनमीटर. कमानीखालची पोकळी सुमारे ४.२९ घनमीटर. एकूण २२.९४. एका विटेचा आकार ०.००१८१ घनमीटर. भागले की साडेबारा हजारांच्या वर आकडा येतो. गणित बरोबर आहे, पण ते विटांच्या भरीव ठोकळ्याचे गणित आहे. त्या ठोकळ्यात आगीला शिरायला जागाच नाही. भट्टीच्या हिशेबात दोन वजाबाक्या कराव्या लागतात. पहिली, कोठीतली जी जागा विटांची नाहीच ती. दुसरी, विटा रचताना मध्ये सोडायच्या फटी. या दोन वजाबाक्या वेगवेगळ्या केल्या तरच आकडा जमतो. अंदाजाने "चाळीस टक्के काढा" म्हणणारे कधी जवळ पोचतात, कधी हजारभर विटांनी चुकतात.

पहिली वजाबाकी रुंदीपासून करू. तुमच्या भट्टीत ज्वाळा चुलीतून आडभिंतीच्या मागून वर चढते, कमानीला लागून वळते, विटांमधून खाली उतरते आणि फरशीच्या भोकांतून धुराड्याकडे जाते. आडभिंतीच्या मागची जागा आगीची. तिथे वीट ठेवायची नाही, एकही नाही. आडभिंतीला विटा टेकवायच्याही नाहीत. ती भिंत सगळ्यात तापते आणि टेकलेली वीट एका अंगाने वितळते. म्हणून ३५ सेंमीत अजून ५ सेंमी मिळवा. दोन्ही बाजूंचे ८० सेंमी गेले, रुंदी राहिली २.०० मीटर.

लांबीच्या दोन्ही टोकांना भिंतीपासून ५-५ सेंमी सोडा. राहिले ३.६० मीटर.

उंचीचे प्रकरण कमानीमुळे जरा अवघड आहे. विटांचा माथा आणि कमान यांच्यात एका विटेच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे २३ सेंमी, मोकळी जागा हवी. दोन्ही बाजूंच्या ज्वाळा तिथे येऊन मिसळतात आणि मग सारख्या पसरून खाली जातात. ही जागा कमी ठेवली तर ज्वाळा मधल्या विटांपर्यंत पोचायच्या आधीच कडेच्या विटांमधून खाली उतरते. तुमच्या वरच्या विटा खंगर झाल्या, त्यात याचाही हात असू शकतो. पुढच्या खेपेला वरच्या थरापासून कमानीपर्यंत टेप लावून बघा, आणि तोही कडेला, मध्यावर नव्हे. मध्यावर कमान उंच असते, म्हणून डोळ्याला जागा भरपूर दिसते. कडेला ती दिसते त्यापेक्षा खूपच कमी असते.

तुमच्या कमानीची गोलाई काढली तर मध्यापासून १ मीटर अंतरावर, म्हणजे रचणीच्या बाहेरच्या कडेला, कमान फरशीपासून २.१२ मीटरवर आहे. मध्यापासून अर्ध्या मीटरवर ती २.३३ मीटरवर आहे. गणित करायचे नसेल तर ओळंबा घ्या: कमानीला त्या दोन ठिकाणी खडूची खूण करा, दोरी सोडा, मोजा. बांधकामात कमान दोन-तीन सेंमी इकडेतिकडे असतेच, त्यामुळे दोरीने घेतलेले माप कागदावरच्या मापापेक्षा अधिक खरे. त्या दोन उंचींतून २३ सेंमी वजा केले की कडेला १.८९ मीटर आणि मधल्या भागाला २.१० मीटर उंची मिळते. म्हणजे रचणीचा माथा सपाट नको. मधला अर्धा भाग दोन थरांनी उंच, दोन्ही कडा खाली.

आता विटेकडे येऊ. हिशेबात सुकलेल्या कच्च्या विटेचे माप घ्यायचे, आणि ते तुम्ही घेतले आहे, हे बरे झाले. बरेच जण भाजलेल्या विटेचे माप घेतात, कारण गिऱ्हाईक तेच विचारते. भाजताना वीट प्रत्येक अंगाने दोन टक्के आटली तरी आकारमानात जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक पडतो. पाच हजारांच्या खेपेत ही तीनशे विटांची चूक झाली. साच्याचे माप तर उलट दिशेने चुकवते, कारण ओली वीट सुकतानाच बरीच आटलेली असते. आणि एकच वीट मोजू नका. ढिगातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा विटा ओळीत लावा, एकूण लांबी मोजा, दहाने भागा. तीनही मापांसाठी तसेच करा.

भट्टीत वीट पाटासारखी आडवी पाडत नाहीत. ती कडेवर उभी करतात: ७५ मिमीची बाजू जमिनीवर, १०५ मिमीची बाजू उंचीला. आडव्या विटेचा पसरट चेहरा खालच्या विटेने पूर्ण झाकला जातो आणि तिथे आच पोचत नाही. कडेवर उभी केली की दोन्ही पसरट चेहरे फटीकडे उघडे राहतात, आणि वीट भाजते ती त्याच चेहऱ्यांतून. तेव्हा एका थराची उंची १०५ मिमी. १.८९ मीटरला बरोबर १८ थर बसतात, २.१० मीटरला २०.

दुसरी वजाबाकी फटींची. तुमच्या विटेसाठी शेजारच्या दोन विटांत २५ मिमीची फट ठेवा. ७५ ची वीट आणि २५ ची फट मिळून १०० मिमी. लांबीच्या दिशेने वीट २३० ची. तिच्या टोकापाशी २० मिमी सोडले की २५० मिमी. आता अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असा एक खण डोळ्यापुढे आणा. त्यात १०० मिमीच्या अंतराने पाच विटांची एक ओळ बसते, आणि २५० मिमीच्या हिशेबाने अशा दोन ओळी. एका खणात एका थराला दहा विटा झाल्या. वरचा थर काटकोनात फिरवायचा. खण चौकोनी असल्याने त्यातही दहाच बसतात. खण ५०० मिमीचाच का, तर १०० नेही भागतो आणि २५० नेही, त्यामुळे थर फिरवला तरी आकडा बदलत नाही. तुमची वीट वेगळ्या मापाची असती तर खणही वेगळा निघाला असता.

हा खण एकदा अंगणात कोरडा रचून बघा, मग सगळे लक्षात येते. खालच्या थरात पाच विटा उभ्या: पहिली ० ते ७५ मिमीवर, दुसरी १०० ते १७५, तिसरी २०० ते २७५, चौथी ३०० ते ३७५, पाचवी ४०० ते ४७५. त्यांच्यावर आडवी येणारी पहिली वीट ० ते २३० पर्यंत जाते. ती पहिल्या दोन विटांवर पूर्ण टेकते आणि तिसरीवर ३० मिमी. दुसरी वीट २५० पासून ४८० पर्यंत. तिचे एक टोक त्याच तिसऱ्या विटेवर २५ मिमी टेकते, बाकीची चौथी आणि पाचवीवर. म्हणजे मधली तिसरी वीट वरच्या दोन्ही ओळींना जोडून धरते, आणि तिची जागा चुकली की वरची टोके लोंबकळतात. कामगाराला सगळा थर मोजायला लावू नका, तिसऱ्या विटेवर नजर ठेवायला सांगा.

तळाचे दोन थर मात्र अधिक मोकळे हवेत. वरून आलेला सगळा धूर शेवटी तिथूनच फरशीच्या भोकांत जातो. तिथे प्रत्येक ओळीत पाचऐवजी चार विटा, १२५ मिमीच्या अंतराने, मध्ये ५० मिमीची फट. चारपेक्षा कमी करायच्या मोहात पडू नका. तीन ठेवल्या तर वरच्या थरातल्या एका ओळीला एकाच विटेचा आधार उरतो आणि ती कलंडते. चारमध्ये प्रत्येक वरच्या विटेला बरोबर दोन पाय मिळतात. रचण्याआधी फरशीची भोके झाडून घ्या, त्यांवर नेमकी ५० मिमीची फट येईल अशी पहिली ओळ सरकवा, आणि पहिला थर पुरा झाला की वरून बघा. भोकावर वीट आली असेल तर ती आत्ताच हलते. नंतर तिच्यावर दीड-दोन मीटर उंच माल चढलेला असतो.

आता मोजणी. रुंदी २.०० मीटर, म्हणजे चार खण. लांबी ३.६० मीटर, म्हणजे सात खण आणि १० सेंमी शिल्लक. एकूण २८ खण: कडेच्या दोन रांगांत १४, मधल्या दोन रांगांत १४. कडेच्या खणात १८ थर. तळाचे दोन थर आठ-आठ विटांचे, वरचे सोळा थर दहा-दहाचे, मिळून १७६. मधल्या खणात २० थर. तसेच मोजले तर १९६. चौदा गुणिले १७६ म्हणजे २,४६४. चौदा गुणिले १९६ म्हणजे २,७४४. बेरीज ५,२०८. दारातल्या दोन झरोक्यांसमोर आतला रंग दिसावा म्हणून चार-चार विटा कमी करा. राहिल्या ५,२००.

ती शिल्लक १० सेंमी तशीच टोकांना सोडू नका. भिंतीलगत ५ च्या जागी १० सेंमीची फट झाली तर धुराला ती चोरवाट होते. धूर नेहमी सोप्या वाटेने जातो; विटांच्या २५ मिमीच्या फटींतून वाट काढत उतरण्यापेक्षा भिंतीला घासून सरळ फरशीवर येणे त्याला सोपे. तुमचे लाकूड जळते, धुराडे तापते आणि विटा मात्र थंड राहतात. धुराडे लवकर तापते पण झरोक्यातून आतला रंग येत नाही, असे झाले तर आधी हीच फट तपासा. उपाय सोपा आहे. शिल्लक १० सेंमी सात खणांत वाटा. प्रत्येक खण १४ मिमीने लांब होईल आणि त्या दिशेची फट २५ ऐवजी २८ मिमी होईल. एकही वीट न वाढवता चोरवाट बंद.

हिशेब पडताळायचा असेल तर उलटा करून बघा. रचणीने व्यापलेली जागा: कडेचे खण १.८९ मीटर उंचीचे, मधले २.१० चे, मिळून सुमारे १४ घनमीटर. संपूर्ण कोठीच्या ६१ टक्के. त्या १४ घनमीटरमध्ये प्रत्यक्ष माती साडेनऊच्या आसपास, म्हणजे ६७-६८ टक्के; उरलेल्या फटी. दोन्ही टक्क्यांचा गुणाकार केला की ४१ येतो. भरीव भागाकाराने निघालेल्या साडेबारा हजारांपैकी शंभरातल्या ४१ च खऱ्या. हा ४१ तुमच्याच भट्टीचा आहे, शेजाऱ्याच्या भट्टीला लावू नका. त्याच्याकडे आडभिंत नसेल किंवा कमानीऐवजी माथा उघडा असेल तर त्याचा आकडा बराच वेगळा येईल.

मग तुमच्या ६,४०० कशा बसल्या? मोजून बघा: एका खणात एका थराला दहाऐवजी बारा विटा घातल्या, तळाचे दोन थरही तसेच भरले, तर कडेच्या खणात २१६ आणि मधल्या खणात २४० होतात. चौदा-चौदा खणांचे ६,३८४. तुमचा आकडा जवळजवळ हाच आहे, म्हणजे तुमच्या कामगारांनी ओळीत सहा-सहा विटा बसवल्या. सहा विटांचे ४५० मिमी, उरले ५०, प्रत्येक फट जेमतेम ८ मिमी. बघताना वाटते, फट आहे की. पण थर एकमेकांवर काटकोनात असल्यामुळे सरळ वरून खाली जाणारी वाट म्हणजे दोन फटी जिथे एकमेकींना छेदतात ते चौकोनी भोक. फट २५ मिमी असताना ते भोक २५ × २५, म्हणजे ६२५ चौरस मिमी. फट ८ मिमी केली की ते ८ × ८, म्हणजे ६४. भोकांची संख्या २५ वरून ३६ होते, तरीही एका खणातली खाली उतरणारी एकूण वाट जवळजवळ सातपट अरुंद होते. फट एक-तृतीयांश झाली, पण वाट सातवा हिस्सा उरली. विटा वाढल्या दोन दशांशांनी, धुराची वाट गेली सहा-सप्तमांश. या सौद्यात नुकसान कोणाचे ते तळाच्या पिवळट विटा सांगतातच.

त्या पिवळटपणात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, आणि आपल्या हवेत ती विशेष जाणवते. गोव्यात वीट उन्हात कडक दिसते तेव्हाही आतून दमट असू शकते. किनाऱ्याकडची घामट हवा रात्री तिला पुन्हा ओल देते. एका विटेत दीडशे ग्रॅम पाणी राहिले तर ५,२०० विटांत ७८० लिटर पाणी झाले. आच पेटली की ते पाणी वाफ होऊन धुराबरोबर खाली उतरते. तळाच्या विटा तोवर थंड असतात, त्यांच्यावर ती वाफ पुन्हा पाणी होऊन बसते. फटी मोकळ्या असतील तर ती लवकर निघून जाते. फटी ८ मिमीच्या असतील तर तिथेच घुटमळते. तळाची वीट मऊ होते, वरच्या भाराने दबते, कडा चेपतात, अंगावर चिरा पडतात. तुमच्या पिवळट विटा नुसत्या पिवळट आहेत की खालून चेपलेल्याही आहेत, ते बघा. चेपलेल्या असतील तर दोष नुसता आचेचा नाही, ओलीचाही आहे.

ओल ओळखायला ढिगाच्या पोटातल्या पाच विटा वजन करून खूण करा, पुन्हा तिथेच ठेवा आणि दोन दिवसांनी तोला. वजन उतरत असेल तर माल अजून तयार नाही. एक वीट मध्यावर फोडूनही बघा. आतला गाभा कडेपेक्षा गडद दिसला की ओल आहे. भट्टी पेटवल्यावर मंद आच ठेवा, आणि थंड लोखंडी सळई झरोक्यातून काही क्षणच आत धरा. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव दिसत असेल तोवर आच वाढवायची नाही. सळई कोरडी निघू लागली की मग काजूचे जाड लाकूड टाका.

उलट बाजूची चूकही होते, म्हणून सांगून ठेवतो. कोणी म्हणेल, फट ४० मिमी ठेवा, सगळे छान भाजेल. ओळीत पाचच्या जागी चार विटा बसतील, म्हणजे खेपेला हजारभर विटा कमी, आणि कोठी तापवायला लाकूड मात्र जवळजवळ तेवढेच. शिवाय उंच खण डुलतो. २५ मिमी हा आकडा दगडावरची रेघ नाही. तुमची माती २० मिमीतही तळापर्यंत भाजत असेल तर ओळीत विटा पाचच राहतात, फक्त खण आखूड होतो. पण बदल एका खेपेला एकच करा आणि तळाच्या चार थरांचा रंग वहीत लिहून ठेवा.

रचताना फट डोळ्याने धरू नका. २५ मिमी जाडीच्या फळीचे हातभर तुकडे करून प्रत्येक कामगाराला दोन द्या. वीट लावली की तुकडा शेजारी, मग पुढची वीट, मग तुकडा उचलला. बोटाने माप घेणाऱ्याची फट सकाळी २५ असते आणि जेवणानंतर १५. शिवाय दोन मीटरची एक लाकडी पट्टी करा, तिच्यावर दर १०० मिमीला बारीक आणि दर ५०० मिमीला जाड खूण. प्रत्येक तिसऱ्या थरावर ती ठेवून बघितली की सरकलेली ओळ लगेच दिसते. दाराच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करा, एक रांग पुरी वर न्या, मग पुढची. शेवटची रांग दाराला पाठ लावून रचावी लागते, तिथे हलका हात असलेला माणूस ठेवा.

शेजारचे खण एकमेकांत गुंतलेले नसतात, त्यांच्यात २०-२५ मिमीची उभी चीर राहते. दोन मीटर उंचीचा सुटा खण भट्टीत माल आटताना कलंडू शकतो. म्हणून तळाचे दोन थर सोडून दर चौथ्या थरात प्रत्येक खणातली मधली एक ओळ ५० मिमी शेजारच्या खणाकडे सरकवा, पुढच्या वेळी उलट दिशेने. सरकलेली वीट शेजारच्या खणाच्या पहिल्या विटेवर सुमारे ३० मिमी टेकते आणि दोन खण बांधले जातात. विटांची संख्या तीच राहते. शेवटच्या खणातली सरकलेली वीट मात्र आडभिंतीला लागली नाही ना ते बघा. तिथे वीसेक मिमी तरी राहायला हवेत.

ठेकेदाराला ५,२०० हा भरण्याचा आकडा सांगू नका, निघणाऱ्या पक्क्या विटांचा सांगा. पहिल्या दोन खेपा मोजून काढा: माथ्याच्या, मधल्या आणि तळाच्या विटांचे वेगळे ढीग, तुटक्या आणि खंगर वेगळ्या. तोवर कबूल करायचेच असेल तर ४,९०० वर जाऊ नका. प्रत्येक ढिगातल्या पाच विटा भट्टीतून काढून कोरड्या तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या वर्गांच्या विटांनी कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. माथ्याची वीट १४ पिते आणि तळाची २३, असे निघाले तर भट्टी सारखी भाजत नाही; आधी फटी आणि भिंतीलगतची जागा तपासायची, लाकूड वाढवायचे नाही. लाकूड वाढवले की माथा आणखी खंगर होतो आणि तळ तिथेच राहतो.

आता गेल्या खेपेशी तुलना करून बघा. ६,४०० मधून दीड-दोन हजार पिवळट आणि वरच्या काही खंगर गेल्या की विकण्याजोग्या साडेचार हजारांच्या आसपास उरतात. नव्या रचणीत ५,२०० पैकी चार हजार नऊशे निघाल्या तरी त्या जास्त आहेत, आणि बाराशे विटा घडवायची, सुकवायची, चढवायची मजुरी वाचली ती वेगळीच.

विटेचे माप बदलले, उदाहरणार्थ १९० × ९० × ९० ची मागणी आली, तर हा आकडा टाकून द्या आणि पुन्हा मोजा. कमान, आडभिंत आणि भिंतीलगतची मोकळी जागा यांचे आकडे तेच राहतील, पण वीट ९० ची झाली की फटीसह ११५ मिमी लागतात, ओळ २१० मिमीची होते आणि थर ९० मिमीचा. खण तेव्हा ५०० चा जमणार नाही. विटांची लांबी आणि जाडी अशी निघते की दोन्ही दिशांना सारख्या विटा बसाव्यात म्हणून फट दोन-चार मिमी कमीजास्त करावी लागते. ती कागदावर न ठरवता अंगणात चार थर रचूनच ठरवा, आणि वरच्या प्रत्येक विटेला खाली निदान दोन विटांचा आधार मिळतो ना, तेवढे बघून मग साचे बनवायला टाका.